थ्रीसिक्स्टी कॅमेरा आणि गायब होणारी काठी: काही महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर घेतलेला, चारी बाजू एकदम टिपणारा थ्रीसिक्स्टी कॅमेरा पाऊस सुरू होईपर्यंत मालवण, देवगड, विजयदुर्ग असा सगळीकडे फिरवला, आणि प्रत्येक जण हेच विचारतो की सेल्फी स्टिक दिसत कशी नाही, सॉफ्टवेअर पुसतं का? पुसत नाही. पाठीला पाठ लावून दोन फिशआय लेन्स असतात, प्रत्येक १८० अंशांपेक्षा थोडं जास्तच बघते, तरी कॅमेऱ्याच्या कडेला लागून एक चिंचोळी जागा दोन्हींना दिसत नाही. काठी तिथे राहिली की दोन्हीकडची चित्रं तिच्या पलीकडे जुळतात आणि ती गायब. म्हणून काठी कॅमेऱ्याच्या जाडीपेक्षा बारीक आणि एकदम सरळ रेषेत पाहिजे. मध्ये वळणारं बॉलहेड किंवा जाड क्लॅम्प लावलात तर तो हमखास दिसणार.

खरी परीक्षा मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होडीत होते. काठी आडवी करून काठाबाहेर धरायची, तेव्हा लेन्स कुठे बघतायत ते आधी बघा. एक वर आणि एक खाली ठेवलीत तर दोन चित्रं जुळतात ती जोडरेषा बरोबर क्षितिजावर येते, शेजारी बसलेले सगळे तिच्यात सापडतात, शिवाय वजनाने वाकलेली काठी एका लेन्सच्या बाजूला सरकून राखाडी पट्ट्यासारखी दिसायला लागते. त्यापेक्षा एक लेन्स होडीच्या नाळेकडे, दुसरी मागे. मग काठी खाली वाकली तरी जोडरेषेतच वाकते. समोरच्या वाऱ्याने मात्र ती मागच्या लेन्सकडे ढकलली जाते, म्हणून होडीत मी काठी पूर्ण लांब करत नाही, निम्मी पुरते. किनाऱ्यावर वारा पडलेला असेल तर खुशाल पूर्ण खेचा.

दुसरं म्हणजे जोडरेषेवर जवळ काही नको. दोन लेन्स एकाच जागी नसतात, त्यामुळे हातभर अंतरावरचा माणूस किंवा होडीचा दांडा दोन्हींना वेगळ्या जागी दिसतो आणि जोडताना तुटतो. ज्याला शूट करायचंय त्याच्याकडे लेन्सचं तोंड, कॅमेऱ्याची चपटी कड मोकळ्या पाण्याकडे, एवढं सांभाळलं की निम्मं काम झालं.

स्टिचिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर ही दोन चित्रं जोडतं तेव्हा, मी एक्स्पोर्टला ऑप्टिकल फ्लो हा पर्याय ठेवतो, वेळ जास्त खातं पण जवळच्या वस्तू बऱ्यापैकी जुळवतं, फक्त लाटांच्या फेसावर आणि वाळत घातलेल्या जाळ्यांवर कधीकधी चित्र थरथरल्यासारखं होतं, तिथे साधं स्टिचिंग लावून बघा. लेन्स गार्ड लावला असेल तर सेटिंगमध्ये तो निवडायलाच हवा, नाहीतर सगळी जोडरेषाच दुहेरी दिसते. तपासायला व्ह्यू फिरवून सरळ खाली, काठीच्या बुडाशी बघा, आणि मग किल्ल्याच्या तटासारखी एखादी सरळ रेष कुठे तुटते का ते.

काठीची सावली मात्र कुठल्याच स्टिचिंगने जात नाही. सकाळ-संध्याकाळ वाळूवर लांबलचक पडते. ऊन समोरून घ्या आणि काठी थोडी पुढे झुकवा, मग तिची सावली आपल्याच अंगावर आणि आपल्या सावलीत पडते.