आदरणीय आन्ना सेर्गेयेव्ना की पेत्रोवा मॅडम?

समजा रशियन पत्राची सुरुवात «उवाझायेमाया आन्ना सेर्गेयेव्ना!» अशी आहे आणि बाईंचं आडनाव पेत्रोवा. मराठीत काय लिहायचं?

पहिला पर्याय, आहे तसंच ठेवायचं: "आदरणीय आन्ना सेर्गेयेव्ना,". सेर्गेयेव्ना म्हणजे सेर्गेयची मुलगी (मुलगा असता तर सेर्गेयेविच), आणि रशियनमध्ये नाव अधिक वडिलांचं नाव म्हटलं की आदर त्यातच आला, वेगळं जी किंवा मॅडम लागतच नाही. आपल्याकडेही मधलं नाव वडिलांचंच, पण लग्नानंतर बऱ्याच बायकांचं तिथे नवऱ्याचं येतं, तसं तिकडे होत नाही. अडचण एवढीच की मराठी वाचणारा सेर्गेयेव्नाला आडनाव समजतो आणि उत्तरात बिनधास्त "सेर्गेयेव्ना मॅडम" लिहून मोकळा होतो, जे म्हणजे एखाद्या बाईंना "सुरेशकन्या मॅडम" म्हटल्यासारखं.

दुसरा, "माननीय श्रीमती पेत्रोवा". वाचायला सोपं, पण मूळ सूर बदलतो, कारण रशियनमध्ये «गस्पझा पेत्रोवा» हे जास्त कोरडं, लांबून बोलल्यासारखं लागतं.

मी पहिलाच घेते, फक्त वर पत्त्यात पूर्ण नाव आडनावासकट देते म्हणजे घोळ होत नाही. रशियनमधलं उद्गारचिन्ह काढून स्वल्पविराम, नाहीतर मराठीत बाईंना हाक मारल्यासारखं वाटतं. आणि मजकुरात "सेर्गेयेव्नांना" असलं काही नको, सरळ "आन्ना सेर्गेयेव्ना यांना" लिहायचं, आणि रशियन आदरार्थी सर्वनाम «वी» साठी शेवटपर्यंत "आपण", मध्येच "तुम्ही" नाही.