शिपवर जाताना कुठलं सिम: साधं रोमिंग की मल्टी-आयएमएसआय?

रत्नागिरीत आमच्या वाडीतली चार-पाच पोरं शिपवर आहेत, आणि जॉइनिंगची तारीख आली की प्रत्येकजण हेच विचारतो, म्हणून एकदाच नीट लिहितो.

साध्या रोमिंग सिममध्ये ओळख एकच असते, म्हणजे एकाच कंपनीचा आयएमएसआय नंबर. बाहेर गेलात की कुठल्या नेटवर्कवर बसायचं ते फुल रेंज बघून ठरत नाही. सिममध्ये पसंतीच्या नेटवर्कची यादी असते, ती कंपनी हवेतूनच बदलू शकते, आणि फोन दुसऱ्याच नेटवर्कवर नोंदणी करायला गेला तर कंपनी ती दोन-चार वेळा नाकारते, म्हणजे फोन आपोआप त्यांच्या स्वस्त करारवाल्या पार्टनरकडे वळतो. म्हणून समोर टॉवर दिसतो पण लागत नाही, फोन खराब नसतो.

मल्टी-आयएमएसआय सिममध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या ओळखी असतात आणि सिममधलाच छोटा प्रोग्राम देशाचा कोड बघून ओळख बदलतो. पार्टनर जास्त मिळतात, हा मोठा फायदा. पण बदलताना फोन पुन्हा नोंदणी करतो, त्यात काही मिनिटं जातात, आणि कधी अडकलाच तर रिस्टार्ट करावा लागतो.

माझ्या भाच्याचं सांगतो. सिंगापूरच्या अँकरेजला बोट उभी, त्याच्याकडे फक्त सिंगापूरचा डेटा पॅक, आणि संध्याकाळी बघतो तर नेट बंद. नेटवर्कचं नाव बघितलं तर इंडोनेशियाचं! पलीकडे बाटाम बेट आहे ना, तिथला सिग्नल पाण्यावरून सरळ येतो. मी म्हटलं, अरे सेटिंगमध्ये जा, ऑटोमॅटिक बंद कर आणि सिंगापूरचं नेटवर्क हाताने निवड. लगेच चाललं. हाताने निवडलं की फोन स्वतःहून दुसऱ्या नेटवर्कवर उडी मारत नाही, रेंज गेली तर मात्र नुसता बसून राहतो, म्हणून बोट निघाली की परत ऑटोमॅटिक करायचं.

अशा जागी मल्टीवालंही त्रास देऊ शकतं, कारण कोड दोन देशांमध्ये हेलकावे खायला लागला की ओळख सारखी बदलत राहते. तिथे दोन्ही देश धरणारा रिजनल पॅक बरा.

खोल समुद्रात बोटीचंच मोबाईल नेटवर्क असेल तर त्याचा कोड 901 ने सुरू होतो. ते सहसा कुठल्याच देशाच्या पॅकमध्ये धरत नाहीत आणि बिल जबर येतं, म्हणून बंदर सुटलं की डेटा रोमिंग बंदच ठेवा.

युरोपातलं सिम घेऊन तिथेच कायम फिरायचा विचार असेल तर तेही ऐका. तिथली कंपनी 4 महिन्यांचा वापर बघू शकते, आणि सिमच्या देशापेक्षा बाहेरच जास्त राहणं आणि वापर दिसला तर 14 दिवसांची नोटीस देऊन जादा आकार लावू शकते.

माझं मत: एकाच भागात फिरणारी बोट असेल तर साधं रिजनल ई-सिम, दर महिन्याला नवा खंड असेल तर मल्टी, पण घेण्याआधी प्रत्येक देशातल्या पार्टनरांची नावं मागा, नुसता देशांचा आकडा नको. आणि बँकेच्या ओटीपीसाठी आपलं इथलं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये राहू द्या, डेटा बंद करून.