घट्ट सिलेक्शन की सैल?

सोलापुरात भुईकोट किल्ल्यापाशी काढलेला फोटो: नवरदेव टी-शर्टमध्ये, एक हात कमरेवर. फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलनं, म्हणजे सिलेक्ट केलेल्या भागात शब्दांत सांगितलेलं चित्र भरणाऱ्या सोयीनं, त्याला गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालायचाय.

टी-शर्टच्या कडेला चिकटून सिलेक्शन केलं, तर हात, चेहरा, मागची भिंत जशीच्या तशी राहते. पण जनरेटिव्ह फिल सिलेक्शनबाहेर काही काढत नाही, त्यामुळे कुर्ता कमरेशीच संपतो आणि शर्टासारखा दिसतो. शब्द कितीही बदला, जागाच नाही.

सैल सिलेक्शन गुडघ्याखालपर्यंत न्या, दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवा. घेर नीट पडतो. धोका कोपर आणि कंबर यांच्यामधल्या त्रिकोणी फटीचा: ती आत आली की तिथंही कापड भरतं आणि हात अंगाला चिकटल्यासारखा दिसतो. म्हणून ऑल्ट दाबून लॅसोनं ती फट आणि बोटं वगळा.

शब्दांत नुसतं `kurta` पुरत नाही. `knee-length cream silk kurta, long sleeves, hand on hip` असं लांबी, बाही, पोझ सांगून लिहा. एका वेळी मिळणाऱ्या तिन्ही पर्यायांत चूक एकाच जागी असेल तर सिलेक्शन बदला. फक्त कापड किंवा रंग चुकला तर शब्द.

माझी पसंती सैललाच. गळ्यापाशी मात्र घट्टच बरं, नाहीतर हनुवटी बदलते.