गळकी गच्ची: परत वॉटरप्रूफिंग करायचं की वर पत्रा टाकायचा?

दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितोय, दोनदा वॉटरप्रूफिंग आणि मग पत्रा. वॉटरप्रूफिंग वाईट असं अजिबात नाही, स्लॅब धड असेल आणि चीर डोळ्याला दिसत असेल तर कोटिंग मारून मोकळे व्हा.

माझं डोकं फिरलं ते पाणी नक्की शिरतंय कुठून हेच कळेना म्हणून. डाग बेडरूमच्या पंख्याजवळ, म्हणून बरोबर त्याच्या वरची चीर भरली, तर पुढच्या पावसात डाग तिथेच! कोब्याखाली पाणी आडवं सरकत जातं आणि वाट मिळेल तिथे उतरतं, आमच्याकडे ते कठड्याच्या कोपऱ्यातून शिरून दहा फुटांवर टपकत होतं. सगळा कोबा फोडायचा तर धसका, आणि जुन्यावरच नवा ४ इंची घालायचा तर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन वाढतं. पत्रा सांगाड्यासकट त्याच्या दहाव्या हिश्श्यात बसतो.

पण हलकं म्हणजे वारा उचलणार, तेव्हा फॅब्रिकेशनमध्ये वजनापेक्षा पकड बघा. आमचा फॅब्रिकेटर म्हणे कठड्याच्या विटांत पाईप गाडू, मी नको म्हटलं. खांब खालच्या कॉलमच्या डोक्यावरच घेतले, प्रत्येकाला सहा इंची काँक्रीटचा ओटा आणि त्यावर बेसप्लेट, म्हणजे बोल्ट पाण्यात बसत नाहीत, नाहीतर स्लॅबला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे नवीन गळती.

उताराला कंजूषी नको. २० फुटांना २ फूट दिला, कमी दिला की वाऱ्याने पाणी पत्र्याच्या जोडात उलटं चढतं. एक चूक आमचीही झाली, पत्रा पन्हळीच्या काठाशीच संपवला होता, पहिल्या पावसात अर्धं पाणी पन्हळीच्या मागून परत गच्चीवर, मग पत्रा दोन इंच पन्हळीच्या आत न्यावा लागला. पन्हळीचा पाईप थेट जमिनीपर्यंत न्या, गच्चीवर सोडायचा असेल तर एवढा खटाटोप कशाला.

गारव्याचं मी काही मोजलं नाही, पण आधी रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावला तरी गरम लागायचं, आता तसं लागत नाही. ऊन पत्रा खातो, स्लॅब सावलीत राहतो. फक्त बाजू उघड्या हव्यात, त्या बंद केल्यात तर तापलेली हवा कोंडते आणि निम्मा फायदा गेला. भर दुपारी पत्र्याखाली बसायचं असेल तर मात्र साधा पत्रा भाजून काढतो, तिथे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पफ पॅनेलच बरं. पावसात वर फोनवर बोलणंही विसरा, खाली स्लॅबमुळे आवाज फारसा येत नाही.

पंख्याजवळच्या डागाभोवती मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. दोन पावसाळे झाले, डाग रेघेच्या आतच आहे, आता रंगाऱ्याला बोलवायला हरकत नाही बहुतेक.