‘५०% + २०%’च्या पाटीखाली कापला जाणारा खिसा

हंगाम सरला की कपड्यांच्या दुकानांबाहेर एक पाटी लागते. ‘५०% + २०%’. मधलं अधिकचं चिन्ह ठसठशीत, आणि खाली मुंगीच्या अक्षरात ‘अटी लागू’. आत एखादी बाई विचारते, “दादा, म्हणजे किती सुटणार?” काउंटरवरचा मुलगा टॅगवर बोट ठेवून सांगतो, “ताई, पन्नास आणि वर वीस, सत्तरच की!” टॅगवर छापील किंमत ३,९९९ रुपये. सत्तर टक्के सुटले तर बाराशेच्या आसपास द्यायचे. बाई मनातल्या मनात बाराशे धरते, रांगेत उभी राहते आणि हातात बिल येतं १,६८० रुपयांचं.

चारशे ऐंशी रुपये कुठे गेले? ते एका जागी गेलेले नसतात, दोन जागी गेलेले असतात. दोन्ही वेगळ्या वेगळ्या बघायला हव्यात, कारण त्यातल्या एकाबद्दल भांडता येतं आणि दुसऱ्याबद्दल बहुतेकदा येत नाही.

आधी मोठी रक्कम. दुसरी सूट छापील किंमतीवर मिळत नाही, पहिली सूट वजा जाऊन जे उरलं त्यावर मिळते. ३,९९९ चे निम्मे १,९९९.५० रुपये. आता वीस टक्के काढायचे ते या १,९९९.५० चे, म्हणजे ३९९.९०. उरले १,५९९.६०. वीस टक्के म्हणून बाईने मनात धरले होते जवळपास आठशे, मिळाले चारशे. पहिल्या सुटीने किंमत अर्धी केली, त्यामुळे दुसरी सूटही अर्ध्याच वजनाची झाली. छापील किंमतीच्या हिशेबाने ती वीस टक्के नाही, दहाच टक्के आहे. एकूण सूट साठ टक्के.

तोंडी हिशेबाची सोपी रीत अशी: किती सुटले ते मोजू नका, किती द्यायचे ते मोजा. पन्नास टक्के सूट म्हणजे रुपयातले ५० पैसे द्यायचे. वर वीस टक्के सूट म्हणजे त्या ५० पैशांतले शेकडा ८०, म्हणजे ४० पैसे. रुपयातले ४० पैसे दिले तर सुटले ६०. दुसरी रीत बेरजेची आहे. दोन्ही टक्के मिळवा, मग त्यांचा गुणाकार करून शंभराने भागा आणि तो बेरजेतून वजा करा. इथे ५० + २० = ७०, गुणाकार १,०००, शंभराने भागून १०, उरले ६०. आधी वीस काढले काय किंवा आधी पन्नास काढले काय, उत्तर तेच येतं. त्यामुळे ‘मोठी सूट आधी लावतो, तुमचा फायदा होईल’ असं कुणी सांगितलं तर त्यात काही अर्थ नाही.

नुसती बेरीज किती फसवी असते, हे ‘४०% + ४०% + २०%’ अशा पाटीवरून कळतं. बेरीज भरते शंभर, म्हणजे कपडा फुकट! प्रत्यक्षात रुपयातले ६० पैसे, त्यातले शेकडा ६० म्हणजे ३६ पैसे, आणि त्यातले शेकडा ८० म्हणजे २८.८ पैसे द्यावे लागतात. सूट ७१.२ टक्के.

दोन दुकानांची तुलना करताना तर हे फारच नडतं. एकीकडे ‘सरसकट ५८%’, समोर ‘४०% + २५%’. डोळ्यांना पासष्ट दिसतात आणि गर्दी समोरच्या दुकानात होते. तिथे द्यायचे ६० पैशांतले शेकडा ७५, म्हणजे ४५ पैसे. सूट फक्त ५५. गर्दी महाग दुकानात असते.

सूट टक्क्यांत नसून रुपयांत असेल, तर मात्र क्रमाने फरक पडतो. ४,००० च्या वस्तूवर दहा टक्के आणि ५०० रुपयांचं कूपन असेल तर आधी टक्के काढून ३,६०० आणि मग ३,१०० होतात. आधी कूपन लावलं तर ३,५००, त्यातून दहा टक्के गेले की ३,१५०. ऑनलाइन खरेदीत याच्याही पलीकडची मेख असते: ‘अधिक २०%, कमाल १५० रुपये’. दोन हजारांवर वीस टक्के म्हणजे चारशे, पण मिळतात दीडशेच. तो ‘कमाल’ शब्द कूपनच्या तपशिलात शोधावा लागतो.

आता राहिले ८० रुपये. बिलात १,५९९.६० च्या खाली जीएसटी ५ टक्के म्हणून ७९.९८ लावलेले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के दर आहे, म्हणजे दर बरोबर आहे. लावण्याची जागा चुकली आहे. छापील किंमत सर्व करांसह असते, टॅगवर तसं लिहिलेलंच असतं. कर पोटात असलेल्या त्या किंमतीवर सूट जाहीर केली, तर सूट जाऊन उरणाऱ्या किंमतीच्याही पोटात कर आलाच. बरोबर बिलात १,५९९.६० याच रकमेची फोड १,५२३.४३ मूळ किंमत आणि ७६.१७ कर अशी दिसायला हवी. कर वरून चढवला की साठ टक्क्यांची सूट अठ्ठावन्नवर येते. छापील किंमतीवर सूट जाहीर करून वर पुन्हा कर आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ साली, व्हॅटच्या काळातल्या प्रकरणात ठरवलं आहे. पाटीच्या कोपऱ्यात ‘कर वेगळा’ लिहिलं होतं, ही सबबही तिथे चालली नाही.

टॅगही नखाने जरा खरवडून बघावा. खाली ३,१९९ चा जुना टॅग आणि वर ३,९९९ चं स्टिकर असं निघालं, तर किंमत पंचवीस टक्क्यांनी चढवलेली आहे. पंचवीस टक्के चढवून वीस टक्के उतरवले की गाडी जिथल्या तिथे येते, म्हणजे ‘अधिक वीस’ ही सूट उरलीच नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार स्टिकर लावून किंमत कमी करता येते, तेही मूळ किंमत न झाकता. वाढवता येत नाही.

चारशे रुपयांसाठी भांडायला गेलात तर दुकानदार पाटी दाखवेल. त्यावर सत्तर कुठेच लिहिलेलं नसतं, सत्तर फक्त तोंडी सांगितलेलं असतं. म्हणून रांगेत लागण्याआधी “सगळं धरून शेवटी किती द्यायचे, आकडा लिहून दे” असं मुलाला म्हणावं. टक्क्यांऐवजी रुपये मागितले की त्याला कॅल्क्युलेटर काढावाच लागतो. ऐंशी रुपयांचं मात्र बिलच बोलतं. पैसे देण्याआधी ती ओळ दाखवून काढायला सांगा. नाही म्हणाले तर टॅग, पाटी आणि बिल तिन्हींचे फोटो घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. टॅग घरी कापून केराच्या डब्यात टाकण्याची घाई तेवढी करू नका.