बाजेला बांधायचं, खोलीत कोंडायचं, की गोळी द्यायची?

घाटंजीकडच्या एका गावातलं हे घर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ७८ वर्षांचे आजोबा, दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश. मुलगा आणि सून दिवसभर कापूस वेचायला जातात, आणि रात्री आजोबा उठून चालायला लागतात. एकदा ते विहिरीच्या काठावर सापडले. त्या दिवसापासून सून त्यांचा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बाजेला बांधू लागली. मी तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात परिचारिका होते. ती मला म्हणाली, "मामाजीले बांधलं नाही तं ते विहिरीत जातीन जी. अन् मी झोपली नाही तं सकाळी वावरात कशी जाऊ?"

तिला रागवावंसं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण अशा घरांसमोर जे पर्याय असतात ते शेजारी ठेवून पाहिले, तर दिसतं तसं सोपं काहीच नसतं.

बांधणं सगळ्यात सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात बांधलेला म्हातारा माणूस स्थिर पडून राहत नाही, तो सुटायला धडपडतो. छातीवर किंवा कमरेवर पट्टी असेल आणि तो खाली घसरला, तर ती गळ्याशी किंवा फासळ्यांवर आवळते आणि श्वास कोंडतो. पाय बांधलेला असेल तर माणूस बाजेवरून लटकून पडतो, आणि मांडीचं हाड मोडायला तेवढं पुरतं. लघवीला उठता येत नाही, अंथरूण ओलं राहतं, आणि एकाच कुशीवर पडून कमरेखालची कातडी लाल होते. बोटानं दाबल्यावर तो लालपणा पांढरा होत नसेल, तर जखमेची सुरुवात झाली असं समजावं. काही आठवड्यांत पायातली ताकद जाते. मग खरंच चालता येत नाही, आणि घरच्यांना वाटतं की आजार वाढला.

खोलीला कडी लावणं बांधण्यापेक्षा सौम्य आहे, असं बहुतेकांना वाटतं. कायदा तसं मानत नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ९७ नुसार माणसाला एकट्यानं कोंडून ठेवायला पूर्ण मनाई आहे. बांधायला मात्र अटींवर मुभा आहे: तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसावा, उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची परवानगी असावी, आणि धोका आहे तेवढाच वेळ बांधावं. साखळीनं बांधणं तर कलम ९५ नुसार कोणत्याही रूपात बंद आहे. कारण कोणालाही समजेल असं आहे. २००१ साली तमिळनाडूत एरवाडी इथं मनोरुग्णांच्या आश्रमात आग लागली, तेव्हा साखळदंडात बांधलेली दोन डझनांहून जास्त माणसं जागच्या जागी होरपळून गेली. कोंडलेल्या किंवा बांधलेल्या माणसाला आगीतून पळता येत नाही, हे आपल्या कौलारू आणि पऱ्हाट्यांच्या काड्यांच्या घरांतही तितकंच खरं आहे.

तिसरा पर्याय गोळीचा. झोपेच्या गोळीनं म्हातारा माणूस झोपतो, पण अर्ध्या रात्री झोकांड्या खात उठतो आणि पडतो. भ्रम शमवणारी औषधं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका वाढवतात; अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ मध्ये तसा इशारा दिला. खरा धोका असेल तेव्हा डॉक्टर ती थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी देतात आणि मग बंद करून पाहतात. वर्षानुवर्षं चालू राहिलेली गोळी म्हणजे न दिसणारी दोरीच.

आता त्या घराकडे परत येते. नोव्हेंबरात आजोबा अचानक बिघडले. तीन दिवस ते ओरडत होते, भिंतीवर माणसं पाहत होते, धोतर फेडत होते. घरच्यांनी दोन्ही हात बांधले. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी वाढतो, तीन दिवसांत नाही. इतक्या झटकन बिघाड झाला, तर शरीरात काहीतरी घडलंय असंच धरून चालावं. विचारल्यावर कळलं की सर्दीसाठी गावातून क्लोरफेनिरामाईन असलेली गोळी आणली होती. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्याला अशा गोळीनं लघवी अडू शकते आणि डोकंही गोंधळतं. पोटावर हात ठेवल्यावर बेंबीखाली टणक गोळा लागत होता. नळी घातल्यावर सुमारे ९०० मिली लघवी निघाली. माणूस दुखण्यानं तळमळत होता आणि आपण त्याचे हात बांधले होते. गोळी बंद केली, आणि दोन दिवसांत तो पहिल्यासारखा झाला.

रुग्णालयातही मोह सुटत नाही. आजोबा नळी ओढत होते, वॉर्डात रात्री एकच परिचारिका होती, आणि एक डॉक्टर म्हणाले, "हात बांधा." त्या एका हुकमात कायद्याला अमान्य असलेलं बरंच काही होतं. कलम ९७ म्हणतं की कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणानं बांधता येत नाही, आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही. बांधलंच तर पद्धत, कारण आणि वेळ लगेच नोंदवायचं, रुग्णाच्या बाजूनं निर्णयात मदत करणाऱ्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं, बांधलेल्यावर सतत लक्ष ठेवायचं, आणि महिन्याचा अहवाल मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा. घरच्यांनी सही दिली म्हणून या अटी सुटत नाहीत. आम्ही नळी धोतराच्या आत फिरवून चिकटवली, मुलाला हाताशी बसवलं आणि दिवा लावून ठेवला. काम झालं.

एक अपवाद मला मान्य आहे. तरुण मुलगा कोयता घेऊन धावतोय, अशा वेळी चौघांनी हातपाय धरणं, नंतर मऊ पट्टीनं थोडा वेळ बांधणं हे जीव वाचवणारं ठरू शकतं. पालथं पाडून पाठीवर मात्र बसू नये, श्वास कोंडून माणूस जातो. कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार आणि रुग्णाला हलवण्याची व्यवस्था ७२ तासांपर्यंत करू शकतो. पण ही मुभा त्या घडीसाठी आहे. विहिरीची रोजची भीती म्हणजे ती घडी नव्हे.

विहिरीसाठी शेवटी जे केलं ते साधं होतं. तोंडावर लोखंडी जाळी बसवली. बाज काढून गादी जमिनीवर घातली. दाराला घुंगरू बांधलं. संध्याकाळनंतर चहा बंद केला, आणि रात्री दोनच्या सुमारास मुलगा आजोबांना लघवीला नेऊ लागला. उठण्याचं कारण बहुतेक वेळा लघवीच असायचं. वेचणीच्या दिवसांत मुलीला माहेरी बोलावून घेतलं. तरीही काही रात्री घुंगरू वाजतंच. त्या रात्री सून उठते, आजोबांबरोबर अंगणात दोन चकरा मारते आणि परत झोपते. जागरण संपलेलं नाही, कमी झालंय. मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या शासकीय टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिनं दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलाय.

घरी अजिबात जमत नसेल आणि वृद्धाश्रमाचा विचार असेल, तर "तुम्ही बांधता का?" असं विचारू नका, उत्तर नाहीच येईल. रात्री किती माणसं किती जणांना सांभाळतात ते विचारा, बांधल्याची नोंदवही पाहायला मागा, आणि न कळवता सकाळी सहाला जाऊन मनगटं पाहा.