'टायपिंग मिस्टेक आहे, सही करा' : मंजुरीपत्रातल्या दोन अंकांनी केलेली फसवणूक

माझा थोरला भाऊ सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. गेल्या वर्षी त्याने कुपवाडच्या बाजूला एक छोटं घर घेतलं आणि त्यासाठी एका बँकेतून 12 लाखांचं गृहकर्ज काढलं. काम एका एजंटामार्फत झालं. बँकेचं आणि एजंटाचं नाव लिहीत नाही. प्रकरण मात्र सविस्तर लिहितोय, कारण अशा रीतीने कुणीही फसू शकतं.

एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला हिशोब असा होता: व्याज 9.25 टक्के, बदलता दर, मुदत 180 महिने, हप्ता 12,350 रुपये. हा हिशोब बरोबर आहे, मी नंतर मांडून पाहिला. मंजुरीपत्र आलं तेव्हा त्यावर मुदत 180, हप्ता 12,350, पण व्याज 9.52 टक्के छापलेलं. दादाचे डोळे आयुष्यभर आकड्यांवर फिरलेत, त्याला ते लगेच दिसलं. त्याने विचारलंही. एजंट म्हणाला, "दादा, टायपिंग मिस्टेक आहे ओ. सिस्टीमला 9.25च आहे. तुमचा हप्ता बघा की, तोच आहे ना? सही करा, नंतर दुरुस्त करून घेऊ." साठेखतातली तारीख चार दिवसांवर आली होती. ती चुकली असती तर विसार बुडाला असता. शाखेतल्या अधिकाऱ्यानेही मान डोलावली. दादाने सही केली.

नंतर काहीच दुरुस्त झालं नाही, आणि बाहेरून ते कळायलाही मार्ग नव्हता. खात्यातून दर महिन्याला 12,350च जात होते. वर्षभराने विवरणपत्र भरण्यासाठी दादाने बँकेतून व्याजाचा दाखला आणला, तेव्हा त्यातलं व्याज माझ्या हिशोबापेक्षा तीन हजारांहून जास्त निघालं. मग कर्जखात्याचा उतारा मागवला. पहिल्याच महिन्याचं व्याज 9,520 लावलेलं. 9.25 टक्क्यांनी ते 9,250 व्हायला हवं होतं. सिस्टीममध्ये पहिल्या दिवसापासून 9.52च होतं.

आता यातला खरा डाव बघा. कर्जाची रक्कम, दर, मुदत आणि हप्ता हे चार आकडे एकमेकांत अडकलेले असतात. कुठलेही तीन ठरले की चौथा आपोआप ठरतो. 12 लाख, 9.52 टक्के आणि 180 महिने धरले तर हप्ता 12,545 यायला पाहिजे. पत्रावर होता 12,350. म्हणजे ते पत्र स्वतःशीच जुळत नव्हतं. एक आकडा नक्की चुकीचा होता, पण कुठला, हे नंतर बँक ठरवते. आमच्या बाबतीत व्यवस्थापक म्हणाले की दर बरोबर आहे, हप्ता टाईप करताना चुकला. करारात तशी सोयही करून ठेवलेली होती: हप्ता कमी पडला तर मुदत वाढेल. त्यामुळे 180 हप्त्यांचं कर्ज 187 हप्त्यांवर गेलं, शेवटचा अर्धवट. एकूण जादा रक्कम सुमारे 80 हजार रुपये. हप्ता वाढवला असता तर दादाला पहिल्याच महिन्यात कळलं असतं. मुदत वाढली की पंधरा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. याला मी टायपिंगची चूक मानायला तयार नाही. चूक म्हणून दाखवली गेली आणि ती चूक आहे असं सांगून सही घेतली गेली, मग तीच सही आमच्यासमोर धरली गेली.

सहीआधीची तपासणी पाच मिनिटांची आहे. मोबाईलवर गूगल शीट्स किंवा एक्सेल उघडून पत्रावरचेच आकडे टाका, एजंटाने सांगितलेले नव्हे:

```
=PMT(9.52/1200,180,-1200000)
```

उत्तर आणि पत्रावरचा हप्ता यांत रुपया-दोन रुपयांचा फरक चालेल, तो पूर्णांक करताना पडतो. शे-दोनशेचा फरक असेल तर पेन खाली ठेवा. फॉर्म्युला जमत नसेल तर रकमेला दराने गुणून 1200 ने भागा. हे पहिल्या पूर्ण महिन्याचं व्याज. परतफेडीच्या वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत तोच आकडा दिसला पाहिजे. मग त्या वेळापत्रकाचं शेवटचं पान उलटा आणि शेवटच्या हप्त्याचा क्रमांक बघा. दादाच्या फायलीत हे वेळापत्रक होतं, इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यात, आणि त्यात शेवटचा क्रमांक 187 छापलेला होता.

1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या अशा नव्या कर्जांना रिझर्व्ह बँकेने 'मुख्य तथ्य विवरण' सक्तीचं केलंय. बँकेत त्याला केएफएस म्हणतात. दर, हप्ता, सगळे आकार आणि परतफेडीचं वेळापत्रक त्यात यावं लागतं, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं, आणि त्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. दादाला ते सहीच्या टेबलावर, इंग्रजीत, बाकी कागदांबरोबर मिळालं. तुम्ही मराठीतलं मागा आणि घरी घेऊन जा.

दुसरी गोष्ट अटींच्या पानावर होती, आणि ती आम्हाला फार उशिरा सापडली. वैतागून दादाने कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं ठरवलं. बदलत्या दराचं वैयक्तिक कर्ज धंद्यासाठी नसेल, तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला आकार लावता येत नाही. पण पत्रात दराच्या प्रकारापुढे 'फ्लोटिंग'ऐवजी 'फिक्स्ड' टाईप झालेलं होतं. त्या एका शब्दामुळे करारातला 3 टक्क्यांचा आकार लागू झाला, आणि शिल्लक साधारण 11 लाख 65 हजार धरली तर सुमारे 35 हजार रुपये भरल्याशिवाय कर्ज हलत नव्हतं. वर बाजारात दर खाली आले तरी आपला दर तिथेच राहणार, ते वेगळंच.

चूक सापडली तर पेनाने खोडून देतो म्हणतील. त्याने भागत नाही, कारण व्याज सिस्टीम लावते, कागद नाही. नवीन तारखेचं सुधारित मंजुरीपत्र मागा, आणि केएफएस व करारनाम्यातही तोच आकडा आलाय का ते पाहा. तारखेची घाई असेल तर घर विकणाऱ्याकडून साठेखताची मुदत आठ दिवस लेखी वाढवून घ्या. दादाच्या घराचे मालक नंतर म्हणाले, "मला सांगायचं की राव, मी काय अडवणार होतो?"

आम्ही बँकेकडे लेखी तक्रार दिली, सोबत व्हॉट्सअ‍ॅप संदेशाची प्रत जोडली. उत्तर आलं की सही केलेलं पत्र ग्राह्य आहे. मग cms.rbi.org.in वर लोकपालाकडे गेलो. बँकेला दिलेल्या तक्रारीनंतर 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर तिथे जाता येतं आणि पैसे लागत नाहीत. त्यानंतर बँकेने तडजोड केली: इथून पुढे 9.25 टक्के आणि बदलता दर. आधी लावलेलं जादा व्याज परत मिळालं नाही. सुधारित पत्र हातात आल्यावर दादाने शाखेतच बसून हप्ता मांडला, शेवटच्या हप्त्याचा क्रमांक पाहिला, आणि मगच सही केली.